महिन्याचं माप आणि रात्री साडेनऊची रांग

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी एका सभेत पाण्यापेक्षा जास्त वेळ इंटरनेटवर गेला. तक्रार एकच होती. सकाळी सगळं झकास चालतं, रात्री नऊ वाजले की सिनेमा अडतो, मुलांचा ऑनलाइन क्लास गोठतो आणि मुलीशी व्हिडिओ कॉल लावला तर ती चौकोनी तुकड्यांत दिसते. इंटरनेट पुरवणाऱ्या माणसाला सभेला बोलावलं होतं. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे वापर फार आहे. एफयूपी संपत असणार. वरचा प्लॅन घ्या." एफयूपी म्हणजे प्लॅनमध्ये महिन्याला ठरवून दिलेली वापराची मर्यादा. सभेतल्या निम्म्या लोकांना ते पटलं. आपल्याकडे 'वापर फार आहे' असं कुणी म्हटलं की माणूस आधी स्वतःच ओशाळतो.

मी वीस वर्षं नेटवर्कच्या कामात काढली आहेत, त्यामुळे मला ते उत्तर तिथल्या तिथेच खोटं वाटलं. तो माणूस खोटारडा होता असं मी म्हणत नाही. त्याला वरून तेच सांगायला शिकवलेलं असणार. पण संध्याकाळच्या संथपणाचा दोष एफयूपीवर, म्हणजे पर्यायाने ग्राहकाच्या 'अति' वापरावर टाकणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे. प्लॅनच्या कागदावर महिन्याचं माप ठळक छापलेलं असतं. ज्या आकड्यामुळे संध्याकाळ बिघडते, तो मात्र छापलेलाच नसतो.

आधी छापलेला आकडा बघू. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच घरगुती फायबर प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात महिन्याला 3300 जीबी अशी मर्यादा असते. ती ओलांडली की वेग दोन-चार एमबीपीएसवर किंवा त्याहूनही खाली येतो. बहुतेक ठिकाणी यात डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मोजतात, आणि मोजणी बिलाच्या तारखेला शून्यावर येते. एवढ्या जीबीचं काय होतं? चांगल्या प्रतीचा एचडी व्हिडिओ साधारण 5 एमबीपीएस घेतो, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज तीन तास असं काही पाहणारं घर महिन्याला दोनशे जीबीच्या आसपास जातं. 3300 च्या सहा टक्के. ही मर्यादा केवळ एचडी व्हिडिओने संपवायची तर महिनाभर अखंड, दिवसरात्र, दोन टीव्ही चालू ठेवावे लागतील. वेगळ्या बाजूने पाहिलं तर 3300 जीबी म्हणजे महिनाभर न थांबता सरासरी 10 एमबीपीएस. सोसायटीत मी पंधरा-वीस घरांचे आकडे कंपनीच्या ॲपमध्ये उघडून पाहिले. सगळ्यात जास्त वापर एका गेम खेळणाऱ्या मुलाच्या घरी होता, तोही अकराशे जीबी. तक्रार करणाऱ्या एकाही घराचा वापर मर्यादेच्या आसपास नव्हता.

एफयूपीने वेग कमी होतो तेव्हा तो कसा दिसतो, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. मर्यादा संपली की वेगावर झाकण बसतं आणि ते झाकण सपाट असतं. पहाटे पाच वाजता मोजा, दुपारी मोजा, रात्री मोजा, तोच दोन एमबीपीएस. बिलाची तारीख उलटली की एका क्षणात सगळं पूर्ववत. गर्दीमुळे येणारा संथपणा घड्याळाप्रमाणे चढतो आणि उतरतो. आठनंतर जाणवायला लागतो, साडेनऊ-दहाला शिगेला पोचतो, साडेअकराला विरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी येतो. तेव्हा कुणी 'एफयूपी संपलं असेल' म्हणालं तर पहाटे सहाचा एक आकडा पुरतो. आमच्याकडे पहाटे 96 एमबीपीएस येत होता.

यातलं मूळ दुखणं समजायला सोसायटीच्या टाकीकडे बघावं. गच्चीवरून खाली येणारा पाइप दोन इंची आहे. सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम शॉवर सोडले तर दाब पडणारच. आता सोसायटीने नियम केला की महिन्याला अमुक हजार लिटरहून जास्त पाणी वापरेल त्याचा नळ बारीक करू. या नियमाने सकाळी सातचा दाब सुधारेल का? जो रात्री दोन वाजता बाग भिजवतो त्याला दंड होईल आणि सात वाजता बरोबर पाचच मिनिटं अंघोळ करणारी साठ कुटुंबं निर्दोष ठरतील. वास्तविक दाब त्या साठांमुळेच पडतो, आणि त्यांचाही यात काही दोष नाही. पाइप दोन इंची आहे, एवढीच गोष्ट आहे. एफयूपी हे महिन्याचं मीटर आहे आणि संध्याकाळचा प्रश्न पाइपाच्या जाडीचा आहे.

पाइपाच्या जाडीविषयीचा आकडा म्हणजे कंटेन्शन रेशो. किती वेग विकला आणि मागे प्रत्यक्षात किती वाहू शकतो, याचं गुणोत्तर. शंभर घरांना प्रत्येकी 100 एमबीपीएसचा प्लॅन विकला आणि त्या सगळ्यांसाठी मागे 1000 एमबीपीएसची एकच वाट असेल तर गुणोत्तर 1:10. हे गुणोत्तर एकास एक ठेवायचं तर लीज्ड लाइन घ्यावी लागते. बँका आणि आयटी कंपन्या ती घेतात आणि तिचं भाडं घरगुती प्लॅनच्या कितीतरी पट असतं. घरासाठी ते परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही, कारण शंभरही घरं एकाच सेकंदाला पूर्ण वेगाने काही उतरवत नसतात. वाट वाटून घेण्यात गैर काही नाही. फोनच्या लाइनी, वीज, एसटीची आसनं, सगळं याच हिशेबावर चालतं. प्रश्न किती जणांत वाटली, आणि ते विकत घेणाऱ्याला सांगितलं का, एवढाच आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2009 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून घरगुती ग्राहकांसाठी 1:50 आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी 1:30 ही कमाल गुणोत्तरं सुचवली होती आणि कंपन्यांनी आपले आकडे संकेतस्थळावर टाकावेत असं सांगितलं होतं. हेतू चांगला होता. पण मी आज एखाद्या ग्राहकाला 'फक्त रेशो विचार' असा सल्ला देणार नाही. या गुणोत्तरात तीन खोड्या आहेत आणि त्या समजल्याशिवाय तो आकडा वाचता येत नाही.

पहिली खोडी अशी की एकच गुणोत्तर लहान आणि मोठ्या वाटेवर अगदी वेगळं वागतं. पन्नास घरं, प्रत्येकाचा प्लॅन 100 एमबीपीएस, मागे 100 एमबीपीएसची वाट. 1:50. इथे एकाने नवा गेम उतरवायला लावला की पूर्ण वाट त्याच्या एकट्याने भरते आणि उरलेले एकोणपन्नास जण हात चोळत बसतात. आता पाच हजार घरं आणि मागे 10 हजार एमबीपीएसची वाट घ्या. हेही 1:50 च. पण इथे त्या गेमवाल्याचा वाटा एक टक्का होतो आणि बाकीच्यांना तो जाणवतही नाही. गर्दी मोठी झाली की एकेकाचे हिसके एकमेकांत विरून जातात. त्यामुळे गुणोत्तरासोबत वाटेची एकूण रुंदी सांगितली नाही तर तो आकडा निम्मा मुका असतो.

दुसरी खोडी जास्त लबाड आहे. प्लॅनचा वेग बदलला की गुणोत्तर बदलतं, संध्याकाळ मात्र बदलत नाही. सहाशे घरांना 1 जीबीपीएसच्या वाटेवर 100 चे प्लॅन विकले तर 1:60. त्याच घरांना 40 चे विकले तर 1:24. कागदावर केवढी सुधारणा! पण रात्री साडेनऊला त्या घरांना व्हिडिओ पाहायला लागतात ते चार-पाच एमबीपीएसच. प्लॅन 40 चा असो की 100 चा. उलट सगळ्यांना 'मोफत अपग्रेड' म्हणून 300 केलं तर गुणोत्तर 1:180 होतं आणि कागदावर अनर्थ दिसतो. संध्याकाळचं दुखणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून माझ्या मते विचारायचा आकडा गुणोत्तर नव्हे. घरामागे किती, हे विचारायचं: मागची वाट किती एमबीपीएसची आहे आणि तिच्यावर किती कनेक्शन आहेत. भागाकार आपला आपण करता येतो. उत्तर एक-दीड एमबीपीएस आलं तर संध्याकाळ कठीण जाणार. चार-पाच किंवा त्याहून वर असेल तर सहसा निभावतं.

तिसरी खोडी म्हणजे गुणोत्तर कुठल्या वाटेचं, हे कुणी सांगत नाही. घरापासून इंटरनेटपर्यंत एकच पाइप नसतो. घरातल्या पेटीपासून फायबर निघते आणि स्प्लिटरमध्ये इतर घरांच्या फायबरबरोबर एकत्र होते. जीपॉन नावाची जी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे तिच्यात अशा एका फायबरवर उतरत्या दिशेला सुमारे 2.5 जीबीपीएस मिळतो आणि बत्तीस ते चौसष्ट घरं तो वाटून घेतात. या फायबरी एका कॅबिनेटमधल्या ओएलटी नावाच्या यंत्रात येतात. ओएलटीपासून कंपनीच्या मुख्य केंद्राकडे एक अपलिंक जाते. तिथून पुढे मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याकडे आणि मुंबईतल्या एक्सचेंजकडे, म्हणजे कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणांकडे, आणखी वाटा निघतात. 2003 पासून चालणारं सरकारी पाठबळाचं निक्सी आणि नंतर आलेली खासगी एक्सचेंजं तिथे आहेत. या साखळीतली जी कडी सगळ्यात अरुंद, तीच संध्याकाळ ठरवते. कंपनीने शेवटच्या कडीचं गुणोत्तर सांगितलं आणि आपली अडचण कॅबिनेटच्या अपलिंकवर असली तर तो आकडा खरा असूनही आपल्या उपयोगाचा नाही.

आमच्या सोसायटीत कुठली कडी अरुंद होती हे शोधायला फार यंत्रं लागली नाहीत. पहिलं काम म्हणजे वाय-फाय बाजूला काढणं. दाट वस्तीत हे अपरिहार्य आहे, कारण रात्री प्रत्येक घरातला राउटर बोलत असतो आणि 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच मिळतात. दोष कंपनीचा नसून भिंतीपलीकडच्या आठ राउटरांचाही असू शकतो, आणि त्या बाबतीत 'राउटर बदला' हा सल्ला अगदीच चुकीचा नसतो. म्हणून लॅपटॉप केबलने थेट पेटीला जोडला. मग विंडोजमधल्या दोन आज्ञा, एकदा पहाटे सहाला आणि एकदा रात्री साडेनऊला, लागोपाठ सात दिवस:

```
tracert 8.8.8.8
ping -n 50 8.8.8.8
```

8.8.8.8 हा बाहेरचा, गुगलच्या सर्व्हरचा पत्ता. पहिली आज्ञा तिथवरच्या वाटेतले टप्पे दाखवते आणि प्रत्येक टप्प्यापर्यंत जाऊन यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. पहाटे आमचा पहिला टप्पा, म्हणजे घरातली पेटी, 1 मिलिसेकंदाच्या आत होता. दुसरा टप्पा म्हणजे कंपनीच्या केंद्रातलं, ग्राहकाला आत घेणारं यंत्र, 3 मिलिसेकंद. शेवटचा पत्ता 6. रात्री साडेनऊला पहिला टप्पा तसाच, एकच्या आत. दुसरा 140. शेवटचा 146. म्हणजे सगळा उशीर घर आणि कंपनीचं केंद्र यांच्यामध्ये होत होता आणि त्यापुढची वाट मोकळी होती. टप्पे वाचताना एक जपायला हवं. मधलाच एखादा टप्पा उशीर दाखवतो आणि त्यापुढचे पुन्हा जलद दिसतात, तेव्हा त्या यंत्राने नुसतं उत्तर द्यायला आळस केलेला असतो, वाट भरलेली नसते. उशीर जिथे सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो, तीच कडी. दुसरी आज्ञा त्याच पत्त्याला पन्नास पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवते. त्यांपैकी रात्री तीन-चार हरवतही होती. पहाटे एकही नाही.

उशीर का वाढतो हेही सांगायला हवं, कारण लोक फक्त वेग मोजतात. वाट भरली की यंत्र पाकिटं लगेच फेकून देत नाही, रांगेत उभी करतं. रांग लांबली की प्रत्येक पाकीट उशिरा पोचतं आणि रांगही भरली की शेवटची गळतात. सिनेमाचं ॲप पुढचा भाग आधीच साठवून ठेवतं, त्यामुळे रांगेचा त्रास त्याला उशिरा होतो. व्हिडिओ कॉलला साठवायची सोयच नसते, म्हणून मुलीचा चेहरा सगळ्यात आधी तुकड्यांत जातो. घरातल्या एकाच पेटीवर कुणी मोठी फाइल चढवत असेल तरीही असाच उशीर दिसतो. त्यामुळे मोजताना घरातली बाकीची साधनं बंद केली होती आणि तीन वेगवेगळ्या मजल्यांवर मोजलं होतं. तिन्हीकडे उशीर सारखाच निघाला.

स्पीड टेस्टवर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही. साधारणपणे स्पीड टेस्टचं ॲप जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यात असतो. अडथळा कंपनीच्या केंद्रापलीकडे असेल तर अशी टेस्ट सुंदर आकडा दाखवते आणि बाहेरची साइट मात्र रांगत राहते. मोठमोठ्या व्हिडिओ कंपन्या आपल्या साठवणीची यंत्रं इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवतात. म्हणून यूट्यूब सुरळीत आणि बाकी सगळं संथ, अशी रात्र असेल तर दोष बाहेरच्या वाटेचा. यूट्यूबसकट सगळंच संथ असेल तर दोष जवळच्या वाटेचा. आमच्याकडे सगळंच संथ होतं आणि कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरची टेस्टसुद्धा रात्री 7 ते 9 एमबीपीएस दाखवत होती. टप्प्यांनी जे सांगितलं त्याला यातून दुजोरा मिळाला.

मग हिशेब मांडला. आमच्या 71 कनेक्शनांसाठी ओएलटीचे दोन पोर्ट होते, म्हणजे एका फायबरवर पस्तीस-छत्तीस घरं. 36 घरांना 100 एमबीपीएस म्हणजे 3600, मागे सुमारे 2500. दीडपटीच्या आतलं गुणोत्तर, तिथे अडण्याचं कारणच नाही. त्यापुढचं मात्र त्या माणसाने स्वतःच चहा पिताना सांगून टाकलं. त्याच कॅबिनेटवरून आसपासच्या सोसायट्या धरून 620 कनेक्शन चालतात आणि ओएलटीचा अपलिंक 1 जीबीपीएसचा आहे. यंत्रावर 10 जीबीपीएसचा पोर्ट आहे, पण रिकामा. विकलेला वेग सरासरी 100 धरला तर 62 हजार एमबीपीएस, वाट एक हजाराची. 1:62. त्याहून बोलका आकडा घरामागचा आहे. एक हजार भागिले 620, म्हणजे दीड एमबीपीएसच्या थोडं वर, 1.6.

आता साडेनऊची रात्र. समजा निम्मी घरं, 310, काही ना काही पाहताहेत आणि सरासरी 4 एमबीपीएस घेताहेत. यातल्या एकाही घराचा महिन्याचा वापर तीनशे जीबीच्या वर जाणार नाही. सगळी एफयूपीच्या दहाव्या हिश्श्यात. तरी एकत्र मागणी होते 1240 एमबीपीएस आणि वाट आहे हजाराची. क्रिकेटचा सामना असेल तर मागणी आणखी चढते, कारण ॲपवरचा थेट सामना टीव्हीच्या केबलसारखा एकदाच येऊन सगळ्यांना वाटला जात नाही. प्रत्येक मोबाइलला, प्रत्येक टीव्हीला त्याची वेगळी प्रत त्याच अपलिंकवरून पाठवावी लागते. आणि तो अकराशे जीबीवाला मुलगा? त्याचे गेम बहुतेक रात्री दोन-तीन वाजता उतरतात, वाट ओस पडलेली असते तेव्हा. त्याचा कुणालाही त्रास नाही. एफयूपीच्या दृष्टीने मात्र तोच सगळ्यात मोठा संशयित.

'थोडे लोक जास्त वापरतात म्हणून सगळ्यांना त्रास होतो' हा एफयूपीमागचा जो युक्तिवाद आहे, तो म्हणूनच मला कमकुवत वाटतो. गर्दी महिन्याच्या बेरजेने होत नाही. एकाच वेळी किती जण आले, यावर ती ठरते. एफयूपीचा काहीच उपयोग नाही असं नाही. एकाच कनेक्शनवर वायर ओढून चार फ्लॅटना पुरवणारा किंवा घरगुती प्लॅनवर सायबर कॅफे चालवणारा त्यात सापडतो, आणि त्याला आवरायला हवंच. पूर्वी मर्यादा पाच-दहा जीबीच्या असत तेव्हा ती खरोखर मागणी दाबणारी होती. आजच्या 3300 जीबीत ती घरगुती ग्राहकाला शिवतसुद्धा नाही. मग संध्याकाळच्या तक्रारीला उत्तर म्हणून ती पुढे का केली जाते? कारण तिच्यात दोष ग्राहकाच्या बाजूला जातो आणि 'वरचा प्लॅन घ्या' हे वाक्य त्याच्या मागोमाग सहज बसतं. आमच्या सोसायटीतल्या चार घरांनी खरोखरच 200 चा प्लॅन घेतला. रात्रीचा आकडा त्यांचाही आठच्या आसपासच राहिला. रांग तीच, तिकीट महाग.

एफयूपीच्या बाबतीत ट्रायने वेळोवेळी हात घातला आहे. मर्यादा किती, मर्यादेपर्यंतचा वेग किती, नंतरचा किती, हे स्पष्ट सांगा असं 2012 मध्ये बजावलं. 2016 मध्ये घरगुती जोडणीत मर्यादेनंतरही वेग 512 केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही असं सांगितलं. 2023 मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतलाच किमान वेग 2 एमबीपीएस झाला. महिन्याच्या मापाची पारदर्शकता अशी बऱ्यापैकी आली. वेळेच्या मापाचं काय? तिथेही नियम नाही असं नाही. 2006 च्या सेवा दर्जाच्या नियमांत गर्दीच्या तासाला कंपनीच्या वाटा 80 टक्क्यांच्या वर भरलेल्या असू नयेत असं होतं, आणि 2024 च्या नव्या नियमांतही ही 80 टक्क्यांची रेषा आहे. तांत्रिकदृष्ट्या ती नेमकी आहे, कारण सरासरी 80 च्या वर गेली की क्षणाक्षणाचे हिसके वाट पूर्ण भरतात आणि रांग लागायला सुरुवात होते. पण हा आकडा कंपनी नियामकाला सांगते. 620 घरांच्या कॅबिनेटची रात्र कंपनीच्या एकूण सरासरीत सहज बुडू शकते. दहा कॅबिनेट 40 टक्क्यांवर आणि एक शंभरावर असेल तरी सरासरी छान येते. त्या एकावर राहणाऱ्यांनी सरासरीचं करायचं काय?

ब्रिटनमध्ये ऑफकॉम या तिथल्या नियामकाच्या स्वेच्छा संहितेनुसार 2019 पासून, त्यात सामील कंपन्या विक्रीच्या वेळीच घरगुती ग्राहकाला रात्री आठ ते दहा या वेळेत साधारण किती वेग मिळेल ते सांगतात. हमी दिलेल्या किमान वेगाच्या खाली सेवा गेली आणि तीस दिवसांत सुधारली नाही तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाच्या मार्गदर्शनामुळे जाहिरातीतच 'संध्याकाळचा ठरावीक वेग' येतो, सात ते अकराचा. मेलबर्नला असलेला माझा भाचा प्लॅन निवडताना आधी तोच आकडा बघतो आणि 'अप टू' हा शब्द त्याला हास्यास्पद वाटतो. आपल्याकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'अप टू 100' आणि बारीक अक्षरात 3300 जीबी. आठ ते अकराच्या मधे काय मिळेल, याचा एक शब्द नाही.

माझी मागणी म्हणून गुंतागुंतीची नाही. प्लॅनच्या पानावर, किमतीएवढ्याच अक्षरात, रात्री आठ ते अकराचा नेहमीचा वेग छापावा, आणि तो राज्याची सरासरी म्हणून न देता त्या भागाचा द्यावा. सोबत त्या भागाच्या कॅबिनेटची वाट किती रुंद आणि तिच्यावर कनेक्शन किती, एवढे दोन आकडे. कंपन्या म्हणतील, ही धंद्याची गुपितं आहेत, प्रतिस्पर्धी फायदा घेतील. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. पण रिकामी वाट ज्याच्याकडे आहे त्याला ती लपवण्याचं कारण नाही, आणि भरलेली लपवण्याचा हक्क असेल तर ग्राहकाने निवड कशावर करायची? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. छोट्या केबलवाल्याकडे असे आकडे काढायला माणूस नसतो. पण ओएलटी स्वतःच अपलिंकवरून किती वाहतं ते मोजत असतो. तो आकडा कुठूनही नव्याने काढायचा नाही, फक्त दाखवायचा आहे.

आम्ही त्या कंपनीला पत्र लिहिलं तेव्हा तक्रारीचा सूर टाळला. सात दिवसांचे चौदा आकडे, तीन मजल्यांचे, टप्प्यांसकट जोडले आणि एकच वाक्य लिहिलं: उशीर घर आणि तुमच्या केंद्राच्या मधे सुरू होतो, पहाटे नसतो. पहिल्या तक्रारीला आलेलं उत्तर होतं 'राउटर रीस्टार्ट करा'. मग कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे गेलो. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कंपनीकडे तक्रार, मग अपील, आणि तरीही नाहीच तर ग्राहक आयोग. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात हे स्पष्ट केलं आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. अपिलानंतर साधारण दोन महिन्यांनी एका दुपारी कॅबिनेटचं दार उघडं दिसलं. रिकाम्या पोर्टात 10 जीबीपीएसचं मॉड्यूल बसलं होतं. त्या रात्री साडेनऊला दुसरा टप्पा 4 मिलिसेकंदांवर आला. आमच्या प्लॅनमध्ये, त्याच्या किमतीत आणि एफयूपीत काहीही बदललं नव्हतं. ज्या चार घरांनी 200 चा प्लॅन घेतला होता त्यांनी पुढच्या महिन्यात तो परत 100 वर आणला.

आता त्याच कॅबिनेटवर घरामागे 16 एमबीपीएस आहेत. रस्त्यापलीकडे दोन नवे टॉवर उभे राहताहेत, सातशेच्या वर फ्लॅट. त्यांची फायबर कुठल्या कॅबिनेटवर येणार, हे मी त्या माणसाला परवा विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "काका, अजून ठरलं नाही." पहाटे सहा आणि रात्री साडेनऊचे आकडे मी अजून वहीत लिहितोय.